घराला पाठ

सकाळी सहा ते नऊ मी बोलत नाही. चौदा वर्षांचं व्रत आहे. देवापुढे दिवा लावायचा, जप करायचा, आणि नऊचे ठोके पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. कुणाला काही सांगायचंच असेल तर जवळ खडू-पाटी असते. दुसरं व्रत दिवसभराचं: कुणाबद्दल कडू शब्द बोलायचा नाही. पहिलं पाळणं सोपं आहे. दुसऱ्यानं माझी पुष्कळ परीक्षा पाहिली, आणि या गोष्टीत दोन्हींचा हात आहे.

आई गेली आणि तिची खुर्ची उरली. उंच पाठीची, लाकडी. सहा वर्षं ती त्या खुर्चीत खिडकीपाशी बसली. जेवण तिथं, डुलकी तिथं. खिडकीतून बस थांबते तो कोपरा दिसायचा. बस थांबली की आई पुढं झुकायची आणि विचारायची, "आली का ती?"

ती म्हणजे माझी धाकटी बहीण. ती दूरच्या शहरात असते, मोठ्या हुद्द्यावर आहे, वर्षातून एकदा चार दिवस येते. मी घरीच शिवणकाम करते, त्यामुळे आईकडे मीच होते. मी मागून औषधाचा चमचा घेऊन जायची. आई न वळता म्हणायची, "ठेवा तिथं, बाई." शेवटच्या दोन वर्षांत मी तिची मुलगी राहिले नव्हते, कामाला ठेवलेली बाई झाले होते. धाकटीचं नाव मात्र ती एकदाही विसरली नाही.

धाकटी आली ती सगळं उरकल्यावर. आठ दिवस राहणार होती. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "ताई, ही खुर्ची इथं बघवत नाही. वाचनालयाला देऊ या. तिथल्या खिडकीपाशी ठेवतील. वर आईच्या आठवणीची पितळी पाटी लावू. तू ते जपानी काहीतरी लिहितेस ना? पाच ओळींचं? त्यातलं लिही एक."

जपानी काहीतरी म्हणजे तांका. रोज संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही सातआठ जण जमतो. शिकवणारे मास्तर जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत होते. निवृत्त झाले तरी कुणाची चूक दिसली की त्यांचा हात पेन्सिलीकडे जातो.

मी "लिहीन" म्हणाले. धाकटी अंघोळीला गेली आणि मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. सहा वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं की तू कुठे होतीस. आता विचारलं नाही तरी चालणार होतं. पितळेवर कोरलेलं राहणार होतं. खिडकीपाशी आई होती, आणि तिच्या मागं मी होते. मला एवढंच हवं होतं. त्याहून जास्त काही नाही, पण त्याहून कमीही नाही.

पहिला मसुदा मी मास्तरांना दाखवला.

खिडकीपाशी
रिकामी खुर्ची आहे
आई गेली ना
माझ्या मनात दुःख
दाटून आले फार

मास्तरांनी पेन्सिलीच्या टोकानं अक्षरं मोजली. जोडाक्षर एकच धरायचं, मग पाच, सात, पाच, सात, सात. "मोजमाप बिनचूक," ते म्हणाले. "पण बाई, ही बातमीची तार आहे. तांका नाही."

सगळे हसले. मीही हसले.

"दुःख सांगू नका. दुःख झालेल्या माणसाला काय दिसलं ते सांगा. वरच्या दोन ओळी बाहेरच्या, डोळ्यांच्या. खालच्या दोन आतल्या. आणि तिसरी?" त्यांनी खोलीच्या दाराकडे बोट केलं. "बिजागरी बघा. तिचं एक पान चौकटीला ठोकलेलं, दुसरं दाराला. तिसरी ओळ तशी असते. वरच्या दोन ओळींबरोबर वाचली की चित्र पुरं व्हायला हवं. मग तीच ओळ पुन्हा धरून खाली वाचली की मन सुरू व्हायला हवं. ओळ एकदाच लिहायची, वाचायची दोनदा. तुमची 'आई गेली ना' इकडचीही नाही आणि तिकडचीही नाही. ती मधेच उभी राहून बातमी सांगते."

घरी येऊन मी खुर्चीकडे बघत बसले. तिसरी ओळ नुसती विचार करून सापडत नाही. जे समोर आहे तेच इतकं नीट बघावं लागतं की ते तुमच्याकडेही बघायला लागतं. खुर्चीचं तोंड रस्त्याकडे होतं. मी खोलीत होते. मग मला काय दिसत होतं? सहा वर्षं मला जे दिसलं तेच.

खिडकीपाशी
खुर्ची रस्त्याकडेच
घराला पाठ
मी औषध घेऊन
मागे उभी राहिले

लिहिलं आणि अंगावर काटा आला. मास्तरांनी ते दोनदा वाचलं, मग चष्मा काढून पुसला. ही त्यांची सर्वांत मोठी दाद. "बघा," ते इतरांना म्हणाले, "'घराला पाठ' ही खुर्चीची पाठ. ओळ संपते आणि आपण खाली उतरतो, तर ती पाठ एका माणसाची झालेली असते, आणि तिच्यामागं कुणीतरी उभं असतं. मन, दुःख, एकही शब्द नाही. आता हे करून बघा." त्यांनी खालच्या दोन ओळींवर तळहात ठेवला. "वरच्या तीनच वाचल्या तर काय होतं? बोचतं. घराला पाठ, म्हणजे घरात कोण आहे? प्रश्न पडतो. नजर थांबत नाही, खाली सरकते. तळहाताची परीक्षा म्हणतो मी हिला."

पण रात्रभर ती ओळ मलाच बोचली. आईनं घराला पाठ केली, असं गावाच्या वाचनालयात कोरून ठेवायचं? हा कडू शब्दच झाला ना? गेलेल्या माणसाबद्दल, तेही आईबद्दल. सकाळी मौनात मी ती ओळ खोडली. मला फार समाधान वाटलं. देवासाठी काहीतरी सोडल्याचं समाधान असतं ना, तसलं. नवा तांका असा झाला:

खिडकीपाशी
खुर्ची रस्त्याकडेच
वाट पाहते
मागे उभी राहून
ती वळेल म्हणून

इथं वर खुर्ची वाट पाहते आणि खाली मी. बिजागरी दोन्हीकडे ठोकलेली होती. शिवाय सगळं मऊ. मला तो आधीच्यापेक्षाही चांगला वाटला. खरं सांगायचं तर मला त्याचा गर्व झाला.

मास्तरांनी वाचून तळहात ठेवला. बराच वेळ उचललाच नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"वरच्या तीन ओळी पुऱ्या होतायत, बाई. खिडकीपाशी खुर्ची रस्त्याकडेच वाट पाहते. वाचणारा सुस्कारा टाकेल आणि पुस्तक मिटेल. खाली कोण उभं आहे ते बघायला उतरणारच नाही. ही बिजागरी नव्हे, कडी झाली. दार आपलं आपण लागतंय. आधीचीच तिसरी ओळ ठेवा."

"ती कडू आहे."

"खरी आहे."

"माझं व्रत आहे, मास्तर."

ते म्हणाले, "मग मी काय बोलणार?" आणि कागद परत दिला.

मी तोच कागद कोरणाऱ्याकडे नेऊन दिला. त्याचं दुकान लहानसं. दाराच्या पाट्या, बक्षिसांचे पेले, कुत्र्यांच्या गळ्यातले बिल्ले, सगळं तोच कोरायचा. त्यानं ओळी मोजल्या, मान हलवली. "परवा देतो," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला फोन वाजला. मी देवापुढं बसले होते. धाकटी चहाचा कप घेऊन आली, तिनं फोन उचलला आणि दोघींना ऐकू येईल असा ठेवला.

"ताईसाहेब, पाटी तुम्ही पसंत केलीत तेवढीच ना?" कोरणाऱ्याचा आवाज. "तिच्यावर पाच ओळी बसायच्या तर अक्षर मुंगीएवढं होईल. तीन बसतील झकास. नाहीतर मोठी पाटी घ्यावी लागेल, पण ती माझ्याकडे नाही, मागवावी लागेल. पंधरा दिवस."

"पंधरा दिवस कसे थांबणार? परवा कार्यक्रम आहे, तेरवा माझं विमान," धाकटी म्हणाली. "कागद वाचा बरं."

त्यानं वाचला. धाकटी डोळे मिटून ऐकत होती. तिसऱ्या ओळीपाशी तिनं हात वर केला. "थांबा, थांबा. इथंच पुरं होतंय की! 'वाट पाहते.' किती सुंदर! पुढचं कशाला हवंय? वरच्या तीनच घ्या. ताई, चालेल ना?"

माझी मौनातली पाटी गुडघ्याला लागून होती. खडू तिच्यावरच होता. 'नाही' हे दोन अक्षरांचं काम होतं.

मी पाटी उचलली नाही.

पुढं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं की मौन होतं, जप अर्धा राहिला होता. पण जप केव्हाच थांबला होता. मी तिच्याकडे बघत होते. मला वाटत होतं, ती आपणहून म्हणेल: थांबा, खाली कुणीतरी उभं आहे, हे कोण? एकदा तरी विचारेल. ती माझ्याकडे पाठ करून खिडकीत उभी होती. बाहेर बस आली होती, ती बसकडे बघत होती.

"ताईचं मौन आहे," ती फोनमध्ये म्हणाली. "ती काही नाही म्हणायची नाही. तिला कधी कशाचंच काही नसतं. कोरा तुम्ही."

तोंडात मिठाची गुळणी धरून मी बसले ती नऊ वाजेपर्यंत. नऊ वाजले तेव्हा कोरणं सुरू झालं होतं.

कार्यक्रमाला वाचनालयात तीसेक माणसं आली. खुर्ची मोठ्या खिडकीपाशी, रस्त्याकडे तोंड करून. तिच्या हातावर पितळी पाटी, लख्ख. धाकटीनं तीन ओळी वाचल्या. दुसऱ्यांदा वाचताना तिचा आवाज फाटला.

"आई शेवटपर्यंत माझी वाट पाहत होती," ती म्हणाली. "मला यायला जमलं नाही. ही खुर्ची मला कायम विचारत राहील."

बायका उठून तिच्याभोवती गेल्या. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. "किती जीव होता हो आईचा तुमच्यावर." ते खोटं नव्हतं, हेच तर दुखणं होतं. माझ्या तीन ओळींनी अगदी खरी साक्ष दिली होती. फक्त ती माझ्या बाजूची नव्हती.

नव्यानंच आलेल्या ग्रंथपाल बाई माझ्याजवळ आल्या. "तुम्ही थोरल्या ना? तुम्हीपण इथंच असता का?"

"हो. इथंच असते."

"बरं झालं. मग अधूनमधून जात असाल आईंकडे."

मी हसले. मास्तर शेवटच्या रांगेत होते. जाताना ते पाटीपाशी थांबले, वाकून वाचलं आणि शेवटच्या ओळीखालच्या रिकाम्या लाकडावर तळहात ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनी बोलावं असं मला फार वाटलं. एखादा रागाचा शब्द चालला असता.

धाकटी गेली. विमानतळाच्या गाडीत बसताना तिनं मला मिठी मारली. "ताई, तुझ्या ओळींनी मला मोकळं केलं गं," म्हणाली. तिला मोकळं व्हायला माझ्याच ओळी मिळाल्या. सुंठीवाचून खोकला गेला, तिचा.

मी चार दिवस नेमानं वाचनालयात गेले आणि खुर्चीच्या मागं उभी राहिले. लोक येत, बसत, पेपर वाचत. पाटी वाचून "वा" म्हणत. कुणी मागं बघितलं नाही. बघायला काही नव्हतंच, कारण खालच्या दोन ओळी जगात कुठंच नव्हत्या. पाचव्या दिवशी मला कळलं की मला राग धाकटीचा आलेलाच नाही. तिनं कापलं खरं, पण कापायची जागा मी आखून दिली होती. खरी ओळ काढून मऊ ओळ घातली मी, आणि वर त्याला व्रत म्हटलं. देवाला माझ्याकडून गोड शब्द हवा होता की खरा, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी कोरणाऱ्याकडे गेले. "पाटीवरच्या तिसऱ्या ओळीएवढी पितळेची एक पट्टी करून द्या. तेवढीच रुंद. दोन्ही टोकांना स्क्रू."

"ओळ चुकली का? मी कागदाबरहुकूम कोरलीय हं."

"तुमची नाही चुकली. माझी मऊ पडली."

त्यानं वर पाहिलं, मग पेन्सिल कानावरून काढली. "काय कोरू?"

"घराला पाठ."

त्यानं लिहून घेतलं, मनात वरच्या दोन ओळींबरोबर वाचलं असावं. "बाई," तो हळूच म्हणाला, "हे लागेल हो कुणालातरी."

"लागू दे."

दुपारी वाचनालयात गर्दी नव्हती. ग्रंथपाल बाईंना मी पट्टी दाखवली. "तुमच्याच आईची खुर्ची," असं म्हणून त्यांनी टेबलाच्या खणातून स्क्रूड्रायव्हर काढून दिला. 'वाट पाहते'वर मी पट्टी बसवली. दोन स्क्रू. आधीची ओळ झाकली गेली, खोडली गेली नाही. ती तिथंच आहे, पितळेखाली. आईनं वाट पाहिली हेही खरंच होतं, ते मी का खोडू?

मास्तर दुसऱ्या दिवशी वाचून आले. "परीक्षा पास," म्हणाले. "तीनच ओळींत बोचतंय. पण खालच्या दोन? त्यांच्याशिवाय हा तांका नव्हे. नुसती वरची बाजू आहे. बिजागरी भिंतीला ठोकलीय, दार कुठाय?"

"दाराला जागा नाही, मास्तर. पाटी लहान आहे."

"मोठी करा."

"तेव्हाच मागितली असती तर मिळाली असती," मी म्हणाले.

दोन आठवड्यांनी सकाळी आठ वाजता फोन वाजला. ग्रंथपाल बाईंनी धाकटीला खुर्चीचा फोटो पाठवला होता, खुशीनं. मी फोन कानाला लावला.

"ताई! हे काय केलंस तू? घराला पाठ? माझ्या आईबद्दल? अगं, लोक काय म्हणतील? ती घराला पाठ करून बसायची का? ती वाट पाहायची! आणि तूच लिहिलं होतंस तसं. कोण बोललं तुला काही? का मनात काही होतं तुझ्या? असेल तर बोलायचंस ना तोंडावर. इतकी वर्षं गप्प बसायचं आणि आता पितळेवर कोरायचं, ही कुठली रीत?... ताई? ऐकतेयस ना? अगं, हो की, तुझं मौन. जाऊ दे. नऊला करते. पण ती पट्टी आज काढ."

दिवा शांत जळत होता. पाटी गुडघ्यापाशी होती, खडू तिच्यावरच. फोनवर पाटी दाखवता येत नाही.

"मी औषध घेऊन," मी म्हणाले.

चौदा वर्षांत तिनं या वेळी माझा आवाज ऐकला नव्हता. मीही नव्हता ऐकला. तो घोगरा निघाला.

"काय?"

"मागे उभी राहिले."

"म्हणजे काय? ताई, हे कुठलं?"

"घराला पाठ, याच्या खालचं."

"पण हे पाटीवर नाहीये."

"नाहीये."

मी थांबले. वरच्या तीन ओळी तिच्यासमोर फोटोत होत्या, खालच्या दोन आताच कानावर पडल्या होत्या. त्या जोडायला एक श्वास पुरतो. तो श्वास मला ऐकू आला, असं वाटलं. किंवा तो फोनचा आवाज असेल.

"तुला या वेळेला बोलायचं नसतं ना?" ती शेवटी म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "मी नऊला करते हं."

तिनं फोन ठेवला.

मी पुन्हा दिव्यापुढं बसले, पण जप सुरू केला नाही. व्रत मोडलं होतं, तोंड कडू झालं होतं. नऊ वाजले. मग सव्वानऊ. फोन आला नाही. मी खिडकीपाशी गेले. आता तिथं खुर्ची नाही. चार पायांचे चार ठसे तेवढे फरशीवर आहेत. कोपऱ्यावर बस थांबली, निघाली. मी उभीच होते. फोन माझ्या मागं टेबलावर होता. मी वळून पाहिलं नाही.